लिंकनचा तीळ आणि वडिलांचा फोटो

अब्राहम लिंकनच्या उजव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्याशी, एक ठळक तीळ होता. त्याचे जे फोटो आज उपलब्ध आहेत त्यांत तो दिसतो. एका प्रसिद्ध चित्रात मात्र हाच तीळ डाव्या गालावर आहे. भारदस्त अंगरखा, बाजूला टेबल, त्यावर कागद आणि ऐटीत उभा असलेला लिंकन असं ते उभ्या आकाराचं चित्र विल्यम पेट नावाच्या कोरीवकाराने छापलं होतं. स्टीफन लोरांट या छायाचित्र-संपादकाच्या नजरेला तिळाची ही अदलाबदल खटकली आणि त्यातून उलगडा झाला. चित्रातलं धड लिंकनचं नव्हतंच. ते होतं जॉन कॅल्हूनचं, म्हणजे गुलामगिरीची हिरिरीने पाठराखण करणाऱ्या दक्षिणेतल्या पुढाऱ्याचं. ए. एच. रिची याने १८५२ साली कोरलेल्या कॅल्हूनच्या चित्रावर लिंकनचं डोकं बसवलं होतं. टेबलावरच्या कागदांवरचे शब्दही बदलले होते. कॅल्हूनच्या कागदांवर राज्यांच्या सार्वभौमत्वाची भाषा होती, तिथे लिंकनसाठी संघराज्याची आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची भाषा आली.

डोकं घेतलं होतं ९ फेब्रुवारी १८६४ रोजी मॅथ्यू ब्रेडीच्या स्टुडिओत काढलेल्या फोटोतलं. अमेरिकेच्या पाच डॉलरच्या नोटेवर पुढे कित्येक वर्षं छापला गेला तो हाच फोटो. नोटेवर तीळ जागच्या जागी आहे, पेटच्या चित्रात डोकं आरशातल्यासारखं उलटं झालेलं आहे.

चेहरा एका फोटोतून उचलून दुसऱ्या फोटोत बसवणाऱ्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. धड एका बाजूला वळलेलं असतं, हाताशी असलेला चेहरा दुसऱ्या बाजूला, आणि मग आडवं पलटणं हा सगळ्यात सोपा मार्ग समोर दिसतो. आज तेच काम संगणकावर एका क्लिकने होतं. अडचण मात्र दीडशे वर्षांपूर्वी होती तीच आहे. चेहऱ्याचा रंग, आकार, कडा, धूसरपणा हे सगळं नंतर बसून दुरुस्त करता येतं. डोकं कुठे वळलं आहे आणि उजेड कुठून येतो आहे, या दोन गोष्टी दुरुस्त करता येत नाहीत, निवडाव्या लागतात. म्हणून या कामातला जाणकार माणूस फोटोशॉप उघडण्याआधी बराच वेळ अल्बम चाळण्यात घालवतो.

महाराष्ट्रातल्या फोटो स्टुडिओंना अशा कामांची सवय आहे. पासपोर्ट फोटोतल्या माणसाच्या अंगावर कोट-टाय चढवणं हे त्यांचं जुनं नित्यकर्म. ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटले तर त्याच रांगेच्या दुसऱ्या फ्रेममधून त्याचा चेहरा आणणं हेही रोजचंच, आणि ते सोपं असतं, कारण माणूस, जागा, उजेड सगळं तेच आहे. खरी परीक्षा होते ती वेगळ्या विनंतीत. मुलीचं लग्न झालं, वडील दोन वर्षांपूर्वी गेले, आणि घरच्यांना लग्नाच्या फोटोत तेही हवे आहेत. बहुधा कुणीतरी मामा किंवा काका वडिलांच्या जागी उभा राहतो, फोटो निघतो, आणि मग घरातून जुन्या फोटोंचं पाकीट स्टुडिओत येतं.

असंच एक काम तपशिलात बघू. ज्यावर चेहरा बसवायचा त्याला घेणारा फोटो म्हणू आणि ज्यातून उचलायचा त्याला देणारा.

घेणारा फोटो लॉनवरचा आहे, दुपारी साडेचारचा. नवरी मधे, आई एका बाजूला, आणि बघणाऱ्याच्या डाव्या हाताला मामा उभे आहेत. मामांचं डोकं किंचित नवरीकडे, म्हणजे आपल्या उजवीकडे वळलेलं आहे. किती वळलंय ते कानांवरून कळतं. समोरून काढलेल्या फोटोत दोन्ही कान सारखे दिसतात. डोकं वळत गेलं की पलीकडचा कान लपत जातो आणि अलीकडचा पूर्ण उघडा होतो. मामांच्या पलीकडच्या कानाची नुसती कड दिसते आहे, तेव्हा वळण वीस-पंचवीस अंशांचं धरायला हरकत नाही. हनुवटी वर आहे की खाली हेही कानच सांगतात. डोकं सरळ असेल तर कानाचा वरचा टोक भुवईच्या आसपास आणि पाळी नाकाच्या बुडाच्या आसपास येते. मान खाली घातली की फोटोत कान वर चढतात, मान वर केली की खाली उतरतात आणि नाकपुड्या दिसू लागतात. मामांचे कान जिथे असावेत तिथे आहेत.

आता उजेड. सूर्य डावीकडून आणि वरून आहे, कारण नाकाची सावली उजव्या गालाकडे तिरपी उतरली आहे आणि हनुवटीखालची सावलीही मानेवर उजवीकडे सरकली आहे. सावलीची कड फार धारदार नाही, म्हणजे पातळ ढग असावा. फोटो मोठा करून डोळ्यांत पाहिलं तर बुबुळावर एक पांढरा ठिपका दिसतो. उजेडाच्या उगमाचं ते प्रतिबिंब असतं. बुबुळाला घड्याळाची तबकडी मानून त्याची जागा वाचायची. इथे तो दहाच्या काट्यावर आहे. कान, नाकाची सावली आणि हा ठिपका टिपून ठेवला की घेणाऱ्या फोटोची कुंडली तयार झाली.

पाकिटातून निघालेले फोटो पाच.

पहिला पासपोर्टचा. घरच्यांना तो हमखास सगळ्यात स्वच्छ वाटतो, आणि या कामाला तो जवळजवळ नेहमीच निरुपयोगी ठरतो. दोन्ही कान सारखे, दोन्ही गाल सारखे उजळ, नाकाला सावली नाही. असा चेहरा लॉनवरच्या उन्हात बसवला की कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. उजळपणा कमी-जास्त करून फरक पडत नाही, कारण शेजारच्या सगळ्या माणसांना उजवी बाजू अंधारी आहे आणि यांना नाही.

दुसरा निवृत्तीच्या निरोप समारंभातला. शाल, नारळ, आणि वडील मनापासून हसताहेत. डोकं आपल्या उजवीकडे, हवं तेवढंच वळलेलं. मन लगेच हाच घ्यायचं ठरवतं. पण फ्लॅश कॅमेऱ्यावरचा आहे. चेहरा सपाट, पाठीमागच्या भिंतीवर काळी कडक सावली आणि बुबुळातला ठिपका ऐन मधोमध. कोन जुळला, उजेड नाही.

तिसरा सकाळी फिरायला गेल्यावर मुलीने काढलेला सेल्फी. उजेड डावीकडून, अगदी हवा तसा. पण सेल्फी हाताच्या अंतरावरून काढतात आणि जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं, कान मागे पळतात. बोरिस पास्खोव्हर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद भासतं असं दाखवलं होतं. ग्रुप फोटोचा कॅमेरा तर त्याहून लांब असतो. सेल्फीतला चेहरा तिथे गेला की माणूस ओळखू येतो, पण तब्येत बिघडल्यासारखा दिसतो. हे बिघडणं कशामुळे ते घरच्यांना सांगता येत नाही. ते फक्त म्हणतात, ‘बाबा असे नव्हते.’

चौथा गणपतीच्या दिवसांतला, अंगणातला. डोकं बरोबर वळलेलं, ऊनही डावीकडून. पण वेळ भर दुपारची. डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि नाकाची सावली थेट ओठावर. उजेडाची डावी-उजवी बाजू जुळून उंची चुकली, असं हे प्रकरण.

पाचवा बाल्कनीतला. वडील पेपर वाचताना कुणीतरी हाक मारली आणि त्यांनी वर पाहिलं. डोकं आपल्या डावीकडे वळलेलं, उजेड उजवीकडून, मोकळ्या आकाशाचा. म्हणजे दोन्ही गोष्टी उलट्या. आणि दोन्ही उलट्या असल्या तर पलटल्यावर दोन्ही सुलट्या होतात! एकच उलटी असती तर पलटण्याने काही साधलं नसतं. आडवं पलटताना कोन आणि उजेड बरोबरच पलटतात, एकाला मागे ठेवता येत नाही. निवड करताना हे लक्षात ठेवलं की अर्धा अल्बम पटकन बाजूला पडतो आणि कधी कधी नाकारलेला फोटो परत हातात येतो.

आता पलटण्याची किंमत मोजायची. भांग पलटतो, तीळ पलटतो, तुटलेला दात बाजू बदलतो. पूर्ण डोकं घ्यायचं असेल तर हे सगळं सांभाळावं लागतं, आणि जवळच्या माणसांसाठी पूर्ण डोकंच घ्यायचं असतं, कारण कान आणि केसांची रेघ हीसुद्धा माणसाची ओळख आहे. नुसते डोळे-नाक-तोंड मामांच्या डोक्यात बसवले तर धड मामाही नाहीत आणि धड वडीलही नाहीत असा तिसराच कुणी तयार होतो. या वडिलांचे केस मागे वळवलेले आहेत, भांगाचा प्रश्न नाही. डोळ्याखाली तीळ आहे, तो पुसून बरोबर बाजूला नेता येतो. पेटने तेवढं केलं असतं तर लिंकनचं चित्र आणखी काही वर्षं खपलं असतं. चेहऱ्याचा तिरपेपणा मात्र तसाच राहतो. कुणाचीच जिवणी दोन्ही बाजूंनी सारखी उचलली जात नाही. मीटा, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखवून दिलं होतं की माणसाला स्वतःचा फोटो आरशातल्यासारखा पलटलेला जास्त आवडतो, आणि त्याच्या मित्रांना न पलटलेला. ज्याला जो चेहरा रोज दिसतो त्याला तोच खरा वाटतो. वडिलांना रोज समोरून बघणारी आई हा फोटो पाहणार आहे. सुदैवाने बाल्कनीतल्या फोटोत ते मोठ्याने हसत नाहीत, नुसते प्रसन्न आहेत. हसू जितकं मोठं तितका तिरपेपणा उघड. म्हणून हा फोटो पलटून चालेल. निरोप समारंभातला चालला नसता.

निवड पक्की करण्याआधी एक चाचणी करतात आणि ती दहा मिनिटांत होते. देणारा चेहरा वरच्या लेयरवर ठेवून ओपॅसिटी अर्ध्यावर आणायची. मग तो लहान-मोठा करत, फिरवत, त्याची दोन बुबुळं खालच्या फोटोतल्या बुबुळांवर नेमकी आणायची. आणि मग डोळे सोडून बाकी काय कुठे पडलं ते बघायचं. नाकाचं टोक आडवं सरकलं असेल तर डोक्याचं वळण जुळत नाही. नाक डोळ्यांच्या पुढे आलेलं असतं, त्यामुळे डोकं थोडं जरी वळलं तरी ते डोळ्यांपेक्षा जास्त सरकतं, आणि म्हणून ते इतकं चुगलखोर असतं. हनुवटी वर किंवा खाली पडली असेल तर मान वाकण्यातला फरक आहे, किंवा माणसं मुळातच वेगळ्या लांबीच्या चेहऱ्याची आहेत. हे दुसरं तपासायला कान परत उपयोगी पडतात.

पलटलेला बाल्कनीतला फोटो मामांवर ठेवला तेव्हा नाक जागेवर आलं. हनुवटी मात्र थोडी वर राहिली आणि कान मामांच्या कानांपेक्षा उंच गेले. पेपर वाचता वाचता वर पाहिलेलं, त्यामुळे मान पूर्ण उठलेली नाही. हे खेचून ताणून जमवायचा मोह होतो. तसं करू नये. चेहरा उभा ताणला तर कपाळही ताणलं जातं, आणि नाकाखाली जे दिसायला हवं ते फोटोत मुळी आलेलंच नसतं. चित्रातली माणसं पातळ पृष्ठभागावर असली तरी डोकं गोल असतं आणि न दिसलेली बाजू कुठल्याच साधनाने खरी उगवत नाही. आजची स्वयंचलित साधनं ती बाजू रचून देतात, पण तो गाल त्या माणसाचा नसतो, कुणाचाही असतो.

इथे उपाय सापडला तो दुसऱ्या बाजूला. लग्नाच्या फोटोग्राफरने त्या रांगेच्या सलग चार फ्रेम काढल्या होत्या. त्यातल्या एकीत मामा फेट्याचं टोक सावरून नुकतेच कॅमेऱ्याकडे बघत होते आणि त्यांची मान जराशी खाली होती. नवरी त्या फ्रेममध्येही छान होती. घेणारा फोटो बदलला आणि हनुवटी जागेवर आली. देणारा फोटो शोधून शोधून थकलं की घेणाऱ्याकडे वळून बघायचं असतं, ही गोष्ट नवशिक्यांच्या डोक्यात उशिरा येते.

आणखी एक बारकावा. बाल्कनीत वडिलांचं डोकं खांद्याकडे थोडं कललेलं होतं, म्हणून फोटो सात-आठ अंश फिरवावा लागला. कोनाच्या बाबतीत हे फिरवणं फुकट आहे, काही हरवत नाही. पण फोटो फिरला की त्यातला उजेडही तेवढाच फिरतो. दहाच्या काट्यावरचा ठिपका साडेदहाकडे किंवा साडेनऊकडे जातो. सात-आठ अंशांत ते खपतं, वीस-पंचवीस अंशांत नाकाची सावली चक्क चुकीच्या गालाकडे वळू लागते. म्हणून उजेड जुळतो का हे फिरवल्यानंतर बघायचं, आधी नाही. बघताना दोन्ही फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट चढवला तर रंगांचा गलका थांबतो आणि उजळ-काळोखाचे ठळक पट्टे तेवढे उरतात.

कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली चेहरे आपोआप बदलणारी एक पद्धत मांडली होती. रस्त्यावरच्या फोटोंत सापडणाऱ्या माणसांची ओळख झाकणं हा तिचा एक उपयोग त्यांनी सांगितला होता. तिची रचना पाहिली की स्टुडिओतला कारागीर मान डोलावेल. चेहऱ्यांच्या मोठ्या संग्रहातून आधी वळण आणि मान यांचा कोन जुळणारे चेहरे वेगळे काढायचे, त्यातून स्पष्टपणा, रंग आणि उजेड जुळणारे गाळायचे, आणि मग बसवायचं. डोक्याचा कल हा निकष त्यात नव्हता, कारण तो फिरवून जुळवता येतो. संग्रहातला प्रत्येक चेहरा पलटूनही वापरायची सोय मात्र होती. संगणकानेही सुरुवात अल्बम चाळण्यापासूनच केली.

उजेड चुकला की बघणाऱ्याला कळतंच का, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर जरा गुंतागुंतीचं आहे. काहीतरी खटकतं, पण काय ते सांगताना माणसं हमखास चुकतात, आणि खऱ्या फोटोलाही खोटा ठरवतात. केनेडी हत्येतला आरोपी ली हार्वी ऑस्वाल्ड याचा मार्च १९६३ मधला, घरामागच्या अंगणात बंदूक घेऊन उभा असलेला फोटो हे याचं नामांकित उदाहरण. पोलिसांनी तो दाखवल्यावर ऑस्वाल्ड म्हणाला, चेहरा माझा आहे पण धड दुसऱ्याचं, कुणीतरी जोडलंय. पुढे अनेकांनी त्याला दुजोरा दिला, कारण नाकाखालची सावली सरळ खाली पडली आहे आणि जमिनीवरची सावली मात्र बाजूला. अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीच्या तज्ज्ञांनी फोटो खरा ठरवला. २००९ साली संगणकशास्त्रज्ञ हॅनी फरीद यांनी ऑस्वाल्डच्या डोक्याची आणि अंगणाची त्रिमितीय प्रतिकृती करून दाखवलं की एकाच सूर्याने या दोन्ही सावल्या पडू शकतात. डोकं कललं-वळलं की नाकाची सावली नाक ज्या पृष्ठभागावर उभं आहे त्यावर पडते, जमिनीवर नाही.

चेहरा निवडणाऱ्याला यातून व्यवहाराचा धडा मिळतो. जमिनीवरची सावली बघून चेहऱ्यावरच्या सावलीचा अंदाज बांधायचा नाही. चेहऱ्याची तुलना चेहऱ्याशीच करायची, आणि तीही तेवढ्याच वळलेल्या चेहऱ्याशी. मामांचं डोकं घेणाऱ्या फोटोत आयतं हजर असतं, त्यामुळे हे सोपं जातं. रिकाम्या जागी माणूस उभा करायचा असेल तर शेजारी उभ्या असलेल्यांपैकी ज्याचं डोकं तसंच वळलंय त्याच्या चेहऱ्यावरून उजेड वाचावा लागतो.

सिनेमावाल्यांनी हा सगळा व्याप वेगळ्या रीतीने सोडवला. ‘जुरासिक पार्क’ (१९९३) मध्ये छतातून लोंबकळणारी मुलगी म्हणजे स्टंट करणारी बाई होती आणि तिने ऐन वेळी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, म्हणून तिच्या चेहऱ्यावर अभिनेत्रीचा चेहरा बसवावा लागला. ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) मध्ये तर जुळ्या भावांपैकी एकाचं शरीर जॉश पेन्सचं आणि चेहरा आर्मी हॅमरचा होता. हॅमरचा चेहरा नंतर स्टुडिओत वेगळा टिपला, आणि तो टिपताना मूळ प्रसंगातला उजेड दिव्यांनी पुन्हा उभा केला. हव्या त्या कोनातला, हव्या त्या उजेडातला देणारा फोटो त्यांनी तयारच करून घेतला.

गेलेल्या माणसाच्या बाबतीत ते शक्य नाही, पण उलटं शक्य आहे. काही फोटोग्राफर आता लग्नाआधीच घरच्यांकडून फोटोंचं पाकीट मागून घेतात, त्यातला उत्तम एक निवडतात आणि तो मोबाइलमध्ये घेऊन मांडवात येतात. वडिलांच्या बाल्कनीतल्या फोटोत उजेड उजवीकडून असेल तर मामांना नवरीच्या दुसऱ्या बाजूला, सूर्य उजवीकडे येईल असं उभं करतात. मग ते सांगतात, ‘मामा, मान जरा खाली, इकडे डावीकडे बघा.’ मग पलटावं लागत नाही, तीळ हलवावा लागत नाही. चार-सहा फ्रेम काढल्या की मामांची सुटका होते आणि ते पंगतीला जाऊन बसतात.